परत मागविण्याचे पत्र

आपल्या देशात घाईने लिहिले जाणारे आणि त्याहून अधिक घाईने फाईलला लागणारे कागद पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकाबद्दल आज थोडे कडक शब्दांत लिहिणार आहे. तो कागद म्हणजे सदोष मालाची एखादी बॅच बाजारात गेल्यावर ती परत मागविण्यासाठी घाऊक विक्रेत्यांना पाठविले जाणारे पत्र. हे पत्र कंपनी लिहिते, आणि कंपनीने टाळाटाळ केली की राज्याचे औषध प्रशासन लिहिते. दोघांच्या पत्रांचा घाट विलक्षण सारखा असतो. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर उत्पादनाची विक्री तात्काळ थांबविण्यात यावी व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल सादर करावा.' खाली एक गिरगटलेली सही, आणि प्रत माहितीसाठी आठ कार्यालयांना. असे पत्र वाचून गोदामातल्या मुलाने नेमके काय करायचे, हा प्रश्न मसुदा करणाऱ्याला पडलेला नसतो. त्याला पडलेला प्रश्न वेगळाच असतो: उद्या चौकशी झाली तर 'आम्ही कळविले होते' असे म्हणता येईल ना?

माझे म्हणणे एवढेच आहे की हे पत्र हा पुरावा नव्हे, ते काम करण्याचे हत्यार आहे; आणि ते बोथट ठेवल्याने माणसे मरतात. हे विधान अतिशयोक्त वाटेल, म्हणून ज्या प्रसंगी अशा पत्राचा मजकूरच निर्णायक ठरला त्या प्रसंगापासून सुरुवात करतो.

१९३७ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावच्या मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे तेव्हाचे नवे आणि गुणकारी औषध द्रवरूपात आणले. गोळी विरघळविण्यासाठी त्यांच्या रसायनशास्त्रज्ञाने डायएथिलीन ग्लायकॉल वापरले. चव, रंग, वास तपासला. विषारीपणा तपासला नाही, कारण कायद्याने तसे बंधन नव्हते. एकूण २४० गॅलन औषध तयार झाले आणि देशभर पाठविले गेले. ऑक्टोबरात ओक्लाहोमातील टल्सा येथून मुलांच्या मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या. कंपनीने आपल्या विक्रेत्यांना, औषध दुकानदारांना आणि डॉक्टरांना मिळून हजाराहून अधिक तारा केल्या. म्हणजे कळविण्यात कंपनी मागे राहिली नव्हती. परंतु त्या तारांत फक्त माल परत पाठवा, एवढेच म्हटले होते. हे औषध प्राणघातक आहे, याचा उल्लेखच नव्हता. दुकानदाराच्या दृष्टीने ती नेहमीच्या व्यवहारातली एक तार होती. आठवड्याच्या शेवटी पेटी बांधताना पाहू, अशी.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दबाव आणल्यावर १९ ऑक्टोबरला कंपनीने दुसरी तार केली. ती तीनच छोट्या वाक्यांची होती. आशय असा: रुग्णांना दिलेले सगळे औषध ताबडतोब परत घेणे अत्यावश्यक आहे, हे औषध जिवाला धोकादायक असू शकते, सर्व साठा आमच्या खर्चाने परत पाठवा. या तीन वाक्यांत काय काय आले ते पाहावे. पहिले, मागणी केवळ फळीवरच्या मालाची नाही, रुग्णाच्या घरी गेलेल्या बाटलीचीही आहे. दुसरे, कारण उघड सांगितले आहे. तिसरे, खर्च कोणाचा, हे सांगून दुकानदाराच्या मनातली शेवटची अडचण काढून टाकली आहे. मग प्रशासनाचे २३९ निरीक्षक व रसायनतज्ज्ञ पाठवणीच्या याद्या घेऊन दारोदार फिरले. एका तीन वर्षांच्या मुलाचे कुटुंब औषध घेऊन डोंगराळ भागात राहायला गेले होते. त्याला शोधण्यासाठी एका तरुण डॉक्टरने स्वतःचे लग्न पुढे ढकलल्याची नोंद आहे. शेवटी २४० गॅलनपैकी २३४ गॅलन आणि एक पाइंट परत मिळाले. उरलेल्या सहा गॅलनहून कमी, म्हणजे जेमतेम बावीस लीटर औषधाने शंभराहून अधिक माणसे मारली होती.

या हकिकतीतला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा मृतांचा नाही. महत्त्वाचे हे की किती औषध तयार झाले, किती परत आले आणि किती पोटात गेले, हे १९३७ साली एका पाइंटपर्यंत सांगता आले. आज संगणकाच्या काळात आपल्याकडच्या एखाद्या परत मागविलेल्या बॅचबद्दल असा ताळेबंद मागून पाहावा.

आता आपल्याकडे येऊ. २०२५ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, लहान मुले सर्दी-खोकल्याच्या औषधानंतर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. त्यांतील कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते, म्हणून मराठी वृत्तपत्रांनी हा विषय लवकर उचलला. वीसहून अधिक मुले गेली. औषधाचे नाव कोल्ड्रिफ, उत्पादक तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यातली स्रेसन फार्मास्युटिकल, बॅच एसआर-१३, निर्मिती मे २०२५, मुदत एप्रिल २०२७. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने कारखान्यातून घेतलेल्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का आहे. पाच मिलीलीटरच्या एका चमच्यातून मुलाच्या पोटात जवळजवळ अडीच ग्रॅम विष जात होते. १९३७ चेच विष, आणि आपल्याला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील १९८६ च्या ग्लिसरीन प्रकरणातून, चौदा मृत्यूंतून आणि त्यानंतरच्या लेंटिन आयोगातून परिचित असलेलेही तेच विष. असो.

गुन्हा, अटक, परवाना रद्द होणे यांबद्दल भरपूर लिहिले गेले. मी फक्त बॅच शोधण्याच्या कामाबद्दल बोलतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक चमत्कारिक गोष्ट घडली. ३ ऑक्टोबरपर्यंत तपासलेल्या काही नमुन्यांत विष नाही, असे अधिकृतपणे जाहीर झाले. आणि पाठोपाठ कारखान्यातल्या नमुन्याचा अहवाल आला. सामान्य वाचकाला यात विसंगती दिसली. वास्तविक ती विसंगती नाही. नमुना घेतो तो बाटलीचा. दोष असतो तो बॅचचा. दुसऱ्या औषधाची किंवा दुसऱ्या बॅचची दहा बाटल्या निर्दोष निघाल्या तरी एसआर-१३ बद्दल त्यातून काहीच कळत नाही. म्हणूनच परत मागविण्याच्या पत्रात बॅचची ओळख हा पहिला आणि सर्वांत काटेकोर भाग असायला हवा. औषधाचे व्यापारी नाव, त्यातील घटक, बाटलीचे माप, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मिती व मुदत हे सगळे वेष्टनावर जसे छापले आहे तसेच्या तसे, त्याच लिपीत आणि त्याच चिन्हांसह. मी या लेखात एसआर-१३ असे देवनागरीत लिहितो ते चालेल. पत्रात चालणार नाही. गोदामातला माणूस वाचत नाही, तो आकृती जुळवून पाहतो. पत्रात मधली आडवी रेघ गाळली तर तो 'आपल्याकडे ही बॅच नाही' असे प्रामाणिकपणे कळवू शकतो. आणि मोबाइलवर फिरणाऱ्या स्कॅनमध्ये ३ चा ८ व्हायला कितीसा वेळ लागतो? लेबलाचे एक स्वच्छ छायाचित्र पत्राला जोडले आणि बॅच क्रमांक कोठे छापला आहे तेथे बाण काढला, तर हा प्रश्न मिटतो. या बाणाला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

बॅचबद्दल आणखी एक गोष्ट, जी पत्र लिहिणारे सोयीस्करपणे टाळतात. खोकल्याच्या औषधात हे विष आकाशातून पडत नाही. ते प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनच्या पिंपातून येते. औद्योगिक दर्जाचे, स्वस्त, न तपासलेले पिंप. एका पिंपातून एकापेक्षा अधिक बॅचेस होऊ शकतात. तेव्हा 'फक्त एसआर-१३ परत पाठवा' असे लिहिणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे की ते पिंप इतर कोणत्या बॅचमध्ये वापरले गेले, आणि ते अद्याप ठाऊक नसेल तर शोध लागेपर्यंत त्या उत्पादकाची सगळी द्रव औषधे बाजूला ठेवा. एकाच बॅचचे नाव घेऊन बाकीच्या मालाला अभय देणे, हे अज्ञानातून झाले तर दुर्दैव म्हणावे. विक्री वाचविण्यासाठी झाले तर त्याला दुसरा शब्द आहे.

४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशाने विक्रीवर बंदी घातली. ५ ऑक्टोबरला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा काढला. त्यात बॅच, निर्मिती व मुदतीचे महिने, विक्री व वापर थांबविण्याची सूचना, निःशुल्क दूरध्वनी आणि ई-मेल हे सर्व होते. नेहमीच्या पत्रांच्या तुलनेत तो मसुदा चांगला होता, हे मोकळेपणाने सांगतो. पण त्याच वेळी त्या प्रशासनाने असेही सांगितले की सदर बॅच महाराष्ट्रात कोठे वितरित झाली याचा माग काढण्यासाठी तमिळनाडूशी संपर्क साधला जात आहे. हे वाक्य पुन्हा वाचावे. विष सापडल्यावर दोन-तीन दिवसांनी, शेजारच्या एका मोठ्या राज्याला, ते आपल्याकडे आले आहे की नाही हे विचारावे लागत होते. दोष विचारणाऱ्याचा नाही. उत्पादकाच्या विक्रीनोंदीत प्रत्येक बॅच कोणत्या घाऊक विक्रेत्याला किती गेली हे असलेच पाहिजे. घाऊक विक्रेत्याच्या बिलावर बॅच क्रमांक लिहिणे औषध नियमांनी फार पूर्वीपासून बंधनकारक केले आहे. म्हणजे यादी कागदावर अस्तित्वात असायला हवी. पहिल्या तासात ती सर्व राज्यांना पाठविणे, हे परत मागविण्याच्या पत्राचे अविभाज्य अंग आहे. यादीविना पत्र म्हणजे पत्त्याविना पाकीट.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे अर्थशास्त्राकडे, वळतो. कारण माझ्या मते या पत्रांचे अपयश भाषेपेक्षा हिशेबात अधिक आहे. घाऊक विक्रेत्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. त्याने माल पैसे देऊन किंवा उधारीवर घेतलेला आहे. मुदत संपलेला किंवा फुटलेला माल तो कंपनीला परत पाठवितो, तेव्हा क्रेडिट नोट कधी मिळेल याचा नेम नसतो. कित्येकदा महिने जातात, कधी काही टक्के कापूनच मिळते. हा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला 'सदर माल परत करावा' असे एक पत्र येते. ते पत्र कारण सांगत नाही, पैशांबद्दल बोलत नाही, मुदत देत नाही. त्याच्या हिशेबात हा आणखी एक अडकणारा माल असतो. विक्री केली तर पैसे आज मिळतात, परत केला तर कदाचित सहा महिन्यांनी. सगळेच दुकानदार असे करतील असे मी म्हणत नाही. बहुसंख्य करणार नाहीत. पण 'आमच्याकडे शिल्लक नाही' असे उत्तर देऊन मोकळे होणे सर्वांत स्वस्त पडेल, अशी रचना आपणच केलेली असते. मॅसेंगिलच्या दुसऱ्या तारेतले 'आमच्या खर्चाने' हे शब्द म्हणूनच सौजन्याचे नव्हते, ते अंमलबजावणीचे साधन होते. आपल्या पत्रात स्पष्ट असावे: प्रत्येक बाटलीची खरेदी किंमत, वाहतूक खर्चासह, पोच मिळाल्यापासून सात दिवसांत, फोडलेल्या अर्धवट बाटलीलाही पूर्ण किंमत. घरून बाटली आणून देणाऱ्या आईला दुकानदाराने रोख पैसे द्यावेत आणि ते कंपनीकडून वसूल करावेत, हेही.

नियमांची बाजू थोडक्यात सांगतो. औषध नियम, १९४५ मधील उत्पादन परवान्याच्या अटींत असे आहे की सदोष बॅचबद्दल परवाना अधिकाऱ्याने निर्देश दिल्यास उत्पादकाने उरलेली बॅच विक्रीतून काढावी आणि परिस्थितीनुसार 'शक्य असेल तेथवर' आधी गेलेला माल परत मागवावा. हे तीन शब्द मला फार खटकतात. शक्य कोणी ठरवायचे? ज्याने ठरवायचे त्याचाच खर्च होणार आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०१२ मध्ये परतमागणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत दोषाचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात, म्हणजे जिवाला धोका असेल तेव्हा, विक्री चोवीस तासांत थांबावी आणि माल बहात्तर तासांच्या आत परत यावा असे आहे, आणि परतमागणी थेट ग्राहकापर्यंत न्यावी असेही. चांगला दस्तऐवज आहे. पण ती तत्त्वे आहेत, आणि तत्त्व मोडल्याबद्दल कोणी दंड भरत नाही. २०२३ अखेरीस सुधारलेल्या परिशिष्ट 'एम'मध्ये परतमागणीची लेखी कार्यपद्धती आणि पाठविलेल्या व परत आलेल्या मालाचा मेळ घालणे आले आहे. हे पाऊल योग्य दिशेने आहे. तथापि घाऊक विक्रेत्याच्या हाती पडणाऱ्या एका पानात काय असावे, हे अजून मसुदा करणाऱ्याच्या मर्जीवर आहे.

ते एक पान कसे असावे? टीका करून थांबणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून मसुदाच देतो. एसआर-१३ साठी, जबलपूरच्या किंवा छिंदवाड्याच्या घाऊक विक्रेत्याला, हिंदीत, एका बाजूला छापलेला. येथे मराठीत लिहितो.

'हे औषध प्यायल्याने मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू होऊ शकतो. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले आहे. कोल्ड्रिफ सिरप, बॅच एसआर-१३, निर्मिती मे २०२५, मुदत एप्रिल २०२७. लेबलाचे चित्र सोबत आहे. आमच्या नोंदीनुसार आपणांस या बॅचच्या इतक्या बाटल्या अमुक तारखेच्या अमुक बिलाने पाठविल्या.

हे पत्र मिळताच, आजच: विक्री थांबवा. गोदाम, दुकान, गाडी आणि डॉक्टरांना द्यावयाचे मोफत नमुने यांतील सर्व बाटल्या मोजा, एका खोक्यात बंद करून त्यावर लाल अक्षरांत "विकू नये" लिहा आणि कुलपात ठेवा. बाटल्या ओतून देऊ नका, नष्ट करू नका. मुदत संपलेल्या मालात मिसळू नका. ज्यांना ज्यांना आपण ही बॅच विकली त्या प्रत्येकाला आजच दूरध्वनी करा आणि हेच पत्र, बदल न करता, द्या. त्या दुकानदारांनी ज्या घरी बाटली दिली त्या घरी निरोप पाठवावा. मुलाला लघवी कमी होत असेल किंवा थांबली असेल तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे.

उद्या सायंकाळी सहापर्यंत सोबतचा तक्ता भरून पाठवा. बॅच आपल्याकडे एकही नसली तरी "शून्य" लिहून पाठवा. उत्तर न आल्यास परवा औषध निरीक्षक येईल.'

आणि शेवटी पैशांची दोन वाक्ये व संपर्क. एवढेच. यात एकही 'सदर' नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल.

'नष्ट करू नका' याचे कारण सांगायला हवे, कारण भीतीपोटी माणूस पहिली गोष्ट हीच करतो. बाटली गटारात ओतली की पुरावा जातो, पण त्याहून वाईट म्हणजे मोजणी जाते. मोजणीविना परतमागणी संपली की नाही हे कळायला मार्गच राहत नाही. समजा, एका घाऊक विक्रेत्याला ४०० बाटल्या गेल्या. गोदामात ५० निघाल्या. तीन दुकानांना २००, १०० आणि ५० गेल्या होत्या. दुकानांतून परत आल्या अनुक्रमे १२०, ८५ आणि २५. म्हणजे हिशेब लागला २८० चा. अहवालात कोणीही लिहील की सत्तर टक्के माल ताब्यात आला, आणि वर शाबासकीही मिळेल. पण पाहायचे ते उरलेल्या १२० बाटल्यांकडे. त्या घरांत आहेत. पहिल्या दुकानाच्या ८०, दुसऱ्याच्या १५, तिसऱ्याच्या २५. आरोग्यसेविका कोणत्या वस्तीत आधी पाठवायची, हे आता स्पष्ट झाले: पहिल्या दुकानाभोवतीच्या. तिसऱ्या दुकानातून निम्माच माल परत आला, तेव्हा तेथेही. खोकल्याचे औषध एका खेपेत संपत नाही. मोठ्या भावाचे उरलेले धाकट्या बहिणीला देणे ही आपल्याकडे काटकसर समजली जाते. फळीवरची ती बाटली पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उघडली जाईल. १२० हा आकडा टक्केवारीत बुडवला की ती फळी दिसेनाशी होते.

'शून्य लिहून पाठवा' हेही त्याचसाठी. आपल्या कार्यालयांत उत्तर न येणे म्हणजे माल नसणे, असा सोयीचा अर्थ लावला जातो. मौनाचे दोन अर्थ होतात, एक पत्र मिळाले नाही आणि दुसरा लपवायचे आहे. दोन्हींत निरीक्षकाला पाठविणे भाग आहे.

यावर होणारे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला: इतके स्पष्ट लिहिले तर घबराट माजेल. मी विचारतो, कोणाची? घाऊक विक्रेता घाबरला तर तो गोदाम उघडून बाटल्या मोजेल. तेच तर हवे आहे. घबराट माजते ती अर्धवट माहितीने, जेव्हा बॅचचे नाव न देता 'खोकल्याची औषधे घातक' अशी बातमी येते आणि आईबाप निर्दोष औषधेही फेकून देतात. दुसरा आक्षेप: दोष सिद्ध होण्याआधी कंपनीची बदनामी होईल, न्यायालयात जातील. हा आक्षेप गंभीर आहे आणि लहान उत्पादकाच्या बाबतीत तो अगदीच खोटा नाही. प्रयोगशाळेचे अहवाल चुकतात, आणि कायद्याने उत्पादकाला फेरतपासणीचा हक्क दिला आहे. पण म्हणूनच दोन पायऱ्या कराव्यात. संशय येताच 'बाजूला ठेवा, मोजा, कळवा', यात मालाची किंमत बुडत नाही. अहवाल येताच 'परत पाठवा, घरून आणा'. आपण मात्र संशयाच्या टप्प्यावर गप्प राहतो आणि अहवालाच्या टप्प्यावर संशयाची भाषा वापरतो. तिसरा आक्षेप, की सर्व औषधांवर क्यूआर कोड आला की हे सगळे आपोआप होईल. १ ऑगस्ट २०२३ पासून तो तीनशे ठराविक खपाच्या ब्रँडांवर बंधनकारक आहे, आणि त्यातून बॅच कळते हे खरे. पण कोड बाटली कोणत्या घरात आहे ते सांगत नाही, आणि दुकानदाराला बाटल्या मोजायलाही लावत नाही.

राहिला संपर्काचा मुद्दा, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पत्राच्या शेवटी कार्यालयाचा सर्वसाधारण दूरध्वनी असतो. तो सकाळी दहा ते सायंकाळी सहा, सुट्ट्या वगळून. कोल्ड्रिफचा छडा लागला तो आठवडा गांधी जयंती आणि दसऱ्याचा होता. दोन्ही २ ऑक्टोबरलाच आले होते. अशा दिवशी परासियासारख्या गावातल्या दुकानदाराला विचारायचे असेल की माझ्याकडे एसआर-१२ आहे, तीही ठेवू का. अर्धी बाटली परत आली आहे, तिची नोंद कशी करू. एका मुलाला कालच दिले, आता काय. तर तो कोणाला विचारणार? पत्रात दोन नावे हवीत, पदनामे नव्हेत. एक कंपनीचा माणूस, ज्याच्यासमोर बॅचच्या पाठवणीची यादी उघडी आहे आणि ज्याला पैशांबद्दल हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार आहे. दुसरा त्या जिल्ह्याचा औषध निरीक्षक, त्याच्या मोबाइलसह. शिवाय विषबाधेवर सल्ला देऊ शकेल अशा रुग्णालयाचा क्रमांक. आलेला प्रत्येक प्रश्न वेळेसह वहीत लिहावा. तीन दुकानदारांनी एसआर-१२ बद्दल विचारले, तर त्या बॅचचा नमुना त्याच दिवशी उचलावा; प्रयोगशाळेला सांगण्यासाठी कोणत्याही अहवालाची वाट पाहू नये.